ओटीपी नेमका कुठे गळतो?

बँकेच्या अॅपमध्ये लॉगिन करताना येणारा सहा आकडी ओटीपी बँकेच्या संगणकावरून ग्राहकाच्या मोबाइलवर थेट जात नाही. बँकेचा सर्व्हर तो आधी एसएमएस गेटवेकडे देतो. गेटवे म्हणजे घाऊक एसएमएस पाठवण्याचे काम घेणारी मध्यस्थ कंपनी. गेटवे तो संदेश एखाद्या मोबाइल ऑपरेटरच्या संदेश केंद्राकडे सोपवतो. या केंद्राला एसएमएससी म्हणतात. ग्राहकाचे सिम कार्ड दुसऱ्याच ऑपरेटरचे असेल, तर हे केंद्र त्या ऑपरेटरच्या एचएलआर नावाच्या ग्राहक-नोंदवहीला विचारते, की हा नंबर या घडीला कोणत्या स्विचच्या हद्दीत आहे. उत्तर मिळाले की संदेश त्या स्विचकडे जातो, तिथून टॉवरकडे आणि टॉवरवरून हँडसेटमध्ये. एवढा सगळा प्रवास साधारणपणे पाच-दहा सेकंदांत उरकतो. उरकला नाही, तर ग्राहक ‘पुन्हा पाठवा’चे बटण दाबत बसतो आणि बँकेच्या मदत केंद्रात एकच तक्रार येते : अमुक ऑपरेटरच्या नंबरवर ओटीपी येत नाही.

ही तक्रार खरी की नुसती समजूत, हे ठरवण्याचे साधन गेटवेकडेच असते. प्रत्येक संदेशाचे पुढे काय झाले याचा अहवाल गेटवे परत पाठवतो. त्याला डिलिव्हरी रिपोर्ट म्हणतात आणि या धंद्यातली माणसे त्याला नुसते डीएलआर म्हणतात. रजिस्टर पोस्टाच्या पोचपावतीसारखाच हा प्रकार आहे. आणि पोचपावतीवरची सही नेमकी कोणी केली हे जसे तपासावे लागते, तसे इथेही लागते.

गेटवे आणि ऑपरेटर यांच्यातली देवाणघेवाण बहुधा एसएमपीपी नावाच्या प्रोटोकॉलने चालते. त्याच्या ३.४ आवृत्तीच्या परिशिष्टात या पावतीचा एक नमुना दिलेला आहे आणि थोड्याफार फरकाने बहुतेक जण तोच वापरतात. एक पावती अशी दिसते :

```
id:7F3A91C204 sub:001 dlvrd:000 submit date:2506121004 done date:2506121009 stat:EXPIRED err:027 text:
```

`id` हा संदेशाचा क्रमांक. संदेश स्वीकारताना समोरच्या केंद्राने तो दिलेला असतो आणि पुढचा सगळा शोध त्याच्याच आधाराने होतो. `submit date` म्हणजे संदेश हाती आल्याची वेळ आणि `done date` म्हणजे त्याचा निकाल लागल्याची वेळ; दोन्ही वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट या क्रमाने. वरचा संदेश १२ जून २०२५ रोजी सकाळी १० वाजून ४ मिनिटांनी घेतला गेला आणि पाच मिनिटांनी मुदत संपून बाद झाला. `stat` मध्ये निकाल असतो. `DELIVRD` म्हणजे पोहोचला, `UNDELIV` म्हणजे पोहोचवता आला नाही, `EXPIRED` म्हणजे प्रयत्न करता करता मुदत संपली, `REJECTD` म्हणजे संदेश घेण्यासच नकार, आणि `UNKNOWN` म्हणजे काय झाले ते सांगता येत नाही. `err` मध्ये कारणाचा आकडा असतो. मोबाइल जाळ्यांच्या आपसातल्या भाषेत २७ म्हणजे ग्राहक संपर्कात नाही आणि १ म्हणजे असा ग्राहकच नाही. काही गेटवे हेच आकडे जसेच्या तसे पुढे देतात, काही आपले स्वतःचे आकडे वापरतात. त्यामुळे गेटवेकडून त्याच्या आकड्यांचा तक्ता मागवल्याशिवाय `err` चा अर्थ लावू नये.

शेवटच्या `text` मध्ये मूळ संदेशाची पहिली वीस अक्षरे येऊ शकतात. संदेशाची सुरुवातच ओटीपीने होत असेल, तर तो ओटीपी पावतीतून लॉग फाइलमध्ये उघडा पडतो. म्हणून पावती साठवण्याआधी हा भाग कोरा करून टाकतात.

पावत्या हाती आल्या की लगेच ऑपरेटरनुसार टक्केवारी काढण्याचा मोह होतो. पण मुळात कोणता नंबर कोणत्या ऑपरेटरचा, हेच पुष्कळदा चुकीचे धरलेले असते. पूर्वी नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ऑपरेटर आणि सर्कल ओळखता येत असे. भारतात २० जानेवारी २०११पासून देशभर नंबर न बदलता ऑपरेटर बदलण्याची सोय झाली आणि जुलै २०१५मध्ये ती एका सर्कलमधून दुसऱ्या सर्कलमध्ये जाण्यासाठीही लागू झाली. तेव्हापासून नंबरची सुरुवात फक्त त्याचा जन्म कुठे झाला एवढेच सांगते. आद्याक्षरांचे जुने तक्ते वापरले, तर एका ऑपरेटरचे अपयश दुसऱ्याच्या खाती जमा होते आणि सगळ्यांची टक्केवारी एकमेकांच्या जवळ येऊन खरा दोषी झाकला जातो. त्यामुळे आज नंबर कोणाकडे आहे ते पोर्टिंगच्या ताज्या माहितीवरून ठरवावे लागते. चांगले गेटवे ही माहिती पावतीसोबतच देतात. कधी ऑपरेटरचे नाव लिहून, तर कधी देश आणि जाळे यांच्या सांकेतिक आकड्यांत. जसे ४०४-९० म्हणजे महाराष्ट्र सर्कलमधले एअरटेलचे जाळे.

इथे आणखी एक गफलत होते. ‘VM-’ किंवा ‘AD-’ अशा दोन अक्षरांनी सुरू होणारे पाठवणाऱ्याचे नाव ग्राहकाला दिसते आणि तो तेच मदत केंद्राला सांगतो. त्यातले पहिले अक्षर ज्या ऑपरेटरच्या केंद्रातून संदेश निघाला त्याचे असते आणि दुसरे तिथल्या सर्कलचे. घेणाऱ्याच्या ऑपरेटरशी त्या अक्षरांचा काही संबंध नसतो.

दुसरी अडचण वेळेची. ओटीपी तीन किंवा पाच मिनिटांनी निकामी होतो, म्हणून बाराव्या मिनिटाला ‘पोहोचलेला’ ओटीपी बुडालेलाच धरावा लागतो. नुसता `DELIVRD` मोजून भागत नाही, तो किती सेकंदांत आला हेही पाहावे लागते. पण वरच्या नमुन्यातल्या पावतीत सेकंद नसतातच. दोन सेकंदांत पोहोचलेला संदेश मिनिटाच्या काठावर असेल, तर एका मिनिटाचा उशीर दिसतो. म्हणून पावती स्वतःच्या सर्व्हरवर कधी आली, ती वेळ सेकंदांसह वेगळी नोंदवतात. शिवाय काही केंद्रे भारतीय वेळ लिहितात, काही जागतिक वेळ. एखाद्या ऑपरेटरच्या सगळ्याच संदेशांना बरोबर ३३० मिनिटांचा उशीर दिसला, तर तो उशीर नव्हे, साडेपाच तासांचा वेळेतला फरक आहे.

तिसरी गोष्ट मोजणीची. ओटीपी न आलेला ग्राहक बटण पुन्हा पुन्हा दाबतो. प्रत्येक संदेश वेगळा मोजला, तर रेंज नसलेल्या एकाच माणसाची चार अपयशे होतात, आणि पहिल्याच संदेशात काम झालेल्या माणसाचे यश मात्र एकच धरले जाते. म्हणून प्रत्येक लॉगिनचा फक्त पहिला संदेश मोजायचा.

आणि सगळ्यात मोलाची नोंद पावतीत नसतेच, ती बँकेच्या स्वतःच्या सर्व्हरवर असते : ग्राहकाने तो ओटीपी टाकला की नाही. ओटीपी बरोबर टाकला गेला, तर संदेश पोहोचला हे निर्विवाद. मग पावती काहीही म्हणो. टाकला गेला नाही, तर संदेश पोहोचलाच नसेल असे नाही, कारण काही माणसे मध्येच काम सोडतात. पण असे सोडणारे सगळ्या ऑपरेटरांकडे साधारण सारख्याच प्रमाणात असायला हवेत. पावती आणि ओटीपीचा वापर या दोन नोंदी शेजारी ठेवल्या, की तपासाला खरी सुरुवात होते. त्यासाठीचा प्रश्न डेटाबेसला असा विचारता येतो :

```sql
SELECT operator, route,
       COUNT(*) AS sent,
       SUM(stat = 'DELIVRD') AS delivered,
       SUM(verified = 1) AS verified
FROM otp_log
WHERE attempt = 1
GROUP BY operator, route;
```

एक कल्पित उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या एका सहकारी बँकेने एका दिवसात दहा हजार लॉगिनसाठी ओटीपी पाठवले. चार ऑपरेटरांना क, ख, ग, घ म्हटले, तर हिशेब असा निघाला :

| ऑपरेटर | पाठवले | पावतीप्रमाणे पोहोचले | टाकले गेले |
|---|---|---|---|
| क | ४००० | ३८०० | ३४०० |
| ख | ३५०० | ३२९० | २९४० |
| ग | २००० | १९४० | १२४० |
| घ | ५०० | ४०० | ३५० |

पावत्यांवर विश्वास ठेवला, तर ग सगळ्यात चांगला : शंभरातले ९७ संदेश पोहोचलेले. घ सगळ्यात वाईट, शंभरात ८०. बहुतेक अहवाल इथेच थांबतात आणि घ ला पत्र जाते. पण शेवटचा रकाना वेगळेच सांगतो. क आणि ख यांच्याकडे पोहोचलेल्या शंभर ओटीपींपैकी सुमारे ८९ टाकले गेले. घ कडे सुमारे ८७. फार फरक नाही. ग कडे मात्र शंभरात फक्त ६४. म्हणजे ग च्या ग्राहकांपैकी एक-तृतीयांशाहून जास्त माणसे ओटीपी हाती येऊनही तो टाकत नाहीत, असे मानावे लागेल. ऑपरेटर बदलल्याने माणसाचा स्वभाव इतका बदलत नाही. तेव्हा पावत्या खोट्या आहेत.

आता हिशेब मार्गानुसार फोडायचा. गेटवे एकाच ऑपरेटरकडे जाण्यासाठी पुष्कळदा दोन-तीन मार्ग ठेवतो. एक थेट जोडणीचा, दुसरा कोणा उपमध्यस्थामार्फत जाणारा, जरा स्वस्त. ग चे दोन हजार संदेश दोन मार्गांवर हजार-हजार गेले होते. पहिल्या मार्गावर ९४० पोहोचले आणि ८४० टाकले गेले. म्हणजे शंभरातले ८९, अगदी क आणि ख सारखेच. दुसऱ्या मार्गावर हजारपैकी हजार पोहोचले आणि टाकले गेले फक्त ४००.

हजारपैकी हजार, हीच खूण. खऱ्या मोबाइल जाळ्यात कोणाचा तरी फोन बंद असतो, कोणी लिफ्टमध्ये असतो, कोणाचे सिम कार्ड नुकतेच बंद पडलेले असते. शंभर टक्के यश तिथे संभवत नाही. या मार्गावरच्या पावत्यांच्या वेळा पाहिल्या, तर दुसरी खूणही सापडते. प्रत्येक पावती संदेश दिल्यापासून बरोबर तीन सेकंदांनी आलेली. टॉवरची गर्दी, हँडसेटची झोप, सिग्नलची ये-जा यांमुळे खऱ्या पावत्यांच्या वेळा विखुरलेल्या असतात : बहुतेक चार-सहा सेकंदांत, काही वीस सेकंदांत, थोड्या काही मिनिटांनी. एकसारख्या तीन सेकंदांची पावती हँडसेटपर्यंत जाऊन आलेली नसते. मधल्याच कोणाच्या तरी संगणकाने ती छापून दिलेली असते. पावती मिळाली की पैसे आकारता येतात, म्हणून हा उद्योग होतो. ऑपरेटर ग ने इथे काहीच गाळलेले नाही. बरेच संदेश त्याच्या दारापर्यंत पोहोचलेच नव्हते.

खात्री करायची तर ग चे दोन-चार सिम कार्ड साध्या हँडसेटमध्ये टाकून टेबलावर ठेवायचे आणि त्यांच्यावर दोन्ही मार्गांनी खुणेचे आकडे असलेले संदेश पाठवायचे. दुसऱ्या मार्गाची पावती `DELIVRD` म्हणत असताना फोन गप्प राहिला, तर पुढे वादाला जागा राहत नाही. मात्र त्यातला एखादा फोन मधूनमधून बंदही ठेवावा. बंद फोनवर ‘पोहोचल्याची’ पावती आली, तर तिच्याएवढा स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

आता घ. त्याच्या पावत्या प्रामाणिक दिसतात : जे पोहोचले म्हणतात ते टाकलेही गेले आहेत. पण शंभर संदेश पोहोचलेच नाहीत. त्यांपैकी ८४ पावत्यांवर ग्राहक संपर्कात नसल्याचे कारण आहे. ऑपरेटरचे उत्तर ठरलेले असते : फोन बंद होता किंवा रेंज नव्हती, त्याला आम्ही काय करणार? जाहिरातीच्या संदेशांबाबत हे उत्तर मान्य करावे लागते. ओटीपीची गोष्ट निराळी आहे. ज्याने ओटीपी मागितला, तो माणूस त्या क्षणी फोन हातात धरून बसलेला आहे. त्याच्या आधीच्या मिनिटापर्यंत तो अॅप वापरत होता. म्हणून ओटीपीच्या रहदारीत ‘संपर्कात नाही’ हे कारण तुरळकच दिसायला हवे, आणि ते जास्त दिसले तर तो फोन इंटरनेटवर कशाच्या जोरावर होता ते शोधायचे.

ते शोधता येते. अॅपकडून आलेल्या विनंतीबरोबर आयपी पत्ता नोंदवलेला असतो आणि कोणते पत्ते कोणत्या ऑपरेटरच्या मोबाइल डेटाचे, हे उघड नोंदींवरून कळते. घ च्या त्या ८४ जणांपैकी समजा ३२ जण घरच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर होते. त्यांच्याकडे मोबाइलची रेंज खरोखरच नसेल. जाड भिंतींच्या घरात, तळमजल्यावर असे होते. उरलेले ५२ जण मात्र त्याच घडीला घ चाच मोबाइल डेटा वापरत होते. म्हणजे घ च्या टॉवरशी फोनचा संपर्क चालू होता आणि घ चीच नोंदवही तो संपर्कात नाही असे सांगत होती.

हे कोडे वाटते, पण त्याचे कारण ठाऊक आहे. फोरजी जाळे मुळात डेटासाठी बांधलेले आहे. एसएमएस त्यावरून नेण्यासाठी एकतर जुन्या जाळ्याच्या स्विचशी वेगळी जोडणी लागते, किंवा आयएमएस ही यंत्रणा लागते. व्होल्टीचे कॉलही तिच्यावरूनच चालतात. फोनची डेटासाठीची नोंदणी शाबूत असते आणि एसएमएससाठीची नोंदणी मध्येच तुटते, किंवा फोन एका भागातून दुसऱ्या भागात गेल्यावर नोंदवहीत जुनाच स्विच राहून जातो. वापरणाऱ्याला काही कळत नाही. व्हॉट्सअॅप चालू, व्हिडिओ चालू, फक्त एसएमएस येत नाही. फोन विमान मोडमध्ये टाकून परत काढला की नोंदणी नव्याने होते आणि अडकलेले संदेश एकदम कोसळतात. दुकानदार ग्राहकाला ‘फोन बंद करून चालू करा’ म्हणतो, त्यात तथ्य आहे ते एवढ्यामुळेच. या ५२ संदेशांपुरता दोष नक्की ऑपरेटरचा आहे आणि तो त्याच्या जाळ्यातच दुरुस्त होऊ शकतो. हे अपयश एखाद्याच सर्कलमध्ये किंवा जिल्ह्यात साचले असेल, तर शोध आणखी सोपा होतो.

या हिशेबाला मर्यादाही आहे. घ चे पाचशे संदेश धरले, तर ८० टक्क्यांचा आकडा सुमारे साडेतीन टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. क च्या ९५ टक्क्यांहून तो कमी आहे हे तरीही ठामपणे म्हणता येते. पण तेच वीस संदेशांवरून काढले असते, तर चूक सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत गेली असती आणि तुलनेला काही अर्थ उरला नसता. लहान ऑपरेटर, छोटे सर्कल, पहाटेचा एक तास असे बारीक तुकडे पाडताना हे सतत घडते. अशा वेळी आठवड्याभराच्या नोंदी एकत्र केलेल्या बऱ्या.

काही संदेशांची पावती कधी येतच नाही. त्यांना अपयशात ढकलण्याची घाई करू नये. अशा बेपत्ता पावत्यांच्या संदेशांपैकी शंभरात ८५-९० ओटीपी टाकले गेले असतील, तर संदेश व्यवस्थित पोहोचले आहेत आणि परतीच्या वाटेवर पावत्याच हरवल्या आहेत. दहा-वीसच टाकले गेले असतील, तर संदेश हरवले. इथेही निकाल देतो तो बँकेचा सर्व्हरच.

भारतात ओटीपी अडण्याचे आणखी एक ठिकाण आहे, आणि ते टॉवरपासून फार दूर आहे. ट्रायच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्या संस्थेला डीएलटी या सामायिक यंत्रणेत आपली, आपल्या हेडरची आणि संदेशाच्या मजकुराच्या साच्याची नोंदणी करावी लागते. या साच्याला टेम्प्लेट म्हणतात आणि ओटीपीसारख्या बदलत्या भागाच्या जागी त्यात ठरलेली खूण लिहिलेली असते. पाठवलेला मजकूर टेम्प्लेटशी जुळला नाही, तर ऑपरेटर तो अडवतो. ८ मार्च २०२१ रोजी ही जुळणी पहिल्यांदा कडकपणे सुरू झाली तेव्हा देशभरात बँकांचे आणि इतर सेवांचे ओटीपी अडले, आणि ट्रायला दुसऱ्याच दिवशी ती सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. ११ डिसेंबर २०२४पासून तर संस्थेपासून ऑपरेटरपर्यंतच्या मधल्या सगळ्या मध्यस्थांची साखळीही नोंदलेली असावी लागते.

असे अडवलेले संदेश पावत्यांत सहज ओळखू येतात. नकार जवळजवळ त्याच सेकंदाला येतो, कारण संदेश ग्राहकाच्या फोनला शोधायला बाहेर पडलेलाच नसतो. आणि तो एकाच टेम्प्लेटपुरता असतो : लॉगिनचा ओटीपी जातो आणि पैसे पाठवण्याचा अडतो. कोणीतरी मजकुरात एक पूर्णविराम वाढवला किंवा ‘रु.’च्या जागी चिन्ह टाकले, की एवढे पुरते. एकाच ऑपरेटरच्या केंद्रातून निघालेले संदेश अडत असतील आणि बाकीच्यांकडून तोच मजकूर जात असेल, तर त्या ऑपरेटरच्या डीएलटीकडे टेम्प्लेटची नवी नोंद पोहोचली आहे का, ते पाहावे. यात घेणाऱ्याच्या ऑपरेटरचा हात नसतो. म्हणून पावत्या ऑपरेटर, मार्ग आणि टेम्प्लेट अशा तिन्ही बाजूंनी फोडून पाहाव्या लागतात.

मराठीतून ओटीपी पाठवणाऱ्या संस्थांना लांबीकडेही लक्ष द्यावे लागते. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, देवनागरीत फक्त ७०. तीही डोळ्याला दिसणारी नव्हेत. ‘कोणालाही’ या शब्दात डोळ्याला चार अक्षरे दिसतात. जाळे आठ मोजते, कारण काना, मात्रा आणि वेलांटी प्रत्येकी वेगळी धरली जाते. मजकूर ७०च्या पुढे गेला, की संदेशाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७च बसतात. तुकडे स्वतंत्रपणे प्रवास करतात, त्यांच्या पावत्याही बहुधा स्वतंत्र येतात. दोनपैकी एकच तुकडा पोहोचला, तर पुष्कळ हँडसेट काहीच दाखवत नाहीत. दुसऱ्याची वाट पाहतात. पावत्यांचा हिशेब तुकड्यांवर केला, तर निम्मे यश दिसते, आणि ग्राहकाच्या दृष्टीने मात्र ते पूर्ण अपयश असते. मराठी आणि इंग्रजी संदेशांची टक्केवारी एकाच ऑपरेटरकडे फार वेगळी दिसली, तर आधी मजकूर छोटा करून पाहावा. ओटीपी, तो कशासाठी आहे आणि कोणाला सांगू नका, एवढे ७०मध्ये बसवता येते.

एक अपयश मात्र जाणूनबुजून घडवलेले असते. सिम कार्ड बदलल्यावर त्या नंबरवरचे एसएमएस पहिले २४ तास बंद ठेवण्याचा आदेश दूरसंचार विभागाने २०२२मध्ये दिला, कारण दुसऱ्याच्या नावे सिम काढून ओटीपी लांबवण्याचे प्रकार वाढले होते. असे नंबर पावत्यांत नापास दिसतात, दुसऱ्या दिवशी आपोआप सुरळीत होतात, आणि त्यांची गणना ऑपरेटरच्या दोषात करायची नसते. बँकेच्या दृष्टीने तर अशा ग्राहकाला दुसऱ्या मार्गाने तातडीने ओटीपी पोहोचवणे हीच चूक ठरेल.

शेवटी तक्रार करायची ती कोणाकडे आणि काय घेऊन, हे या वर्गवारीवरून ठरते. वरच्या उदाहरणात ग बद्दलची तक्रार गेटवेकडे जाते : दुसरा मार्ग बंद करा आणि त्या पावत्यांचे पैसे परत द्या. घ बद्दलची तक्रार गेटवेमार्फत ऑपरेटरकडे जाते, आणि तिच्यासोबत ५२ संदेशांचे `id`, भारतीय वेळेतली सेकंदांसह नोंद, पावतीतले `stat` आणि `err`, आणि त्या क्षणी फोन त्याच ऑपरेटरच्या डेटावर असल्याची खूण जोडावी लागते. ‘तुमच्याकडे ओटीपी जात नाहीत’ एवढ्याच वाक्यावर कोणताही ऑपरेटर शोध घेत नाही. `id` आणि वेळ दिली, की त्याला आपल्या केंद्राच्या नोंदीत तो एक संदेश काढून पाहता येतो. या तपशीलवार नोंदी ऑपरेटर फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून तक्रार महिनाअखेरच्या अहवालासोबत न धाडता त्याच आठवड्यात पाठवतात. दुरुस्ती झाल्याचे उत्तर आले, की तोच तक्ता त्याच वारांच्या नोंदींवरून पुन्हा मांडायचा आणि घ चा आकडा क आणि ख यांच्या शेजारी ठेवून पाहायचा. तिघेही एकदम सुधारलेले दिसले, तर दुरुस्ती घ च्या जाळ्यात झालेली नाही, गेटवेने मध्येच काहीतरी बदलले आहे.